वहिनींचा हात आणि माझी बरणी

वहिनी सांगलीत, त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची नवीन लेबलवाली बरणी माझ्याकडे पुण्यात, आणि फोटो पाहिजे वहिनींच्या हातात बरणी असलेला, तोही संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं त्यात काय, तुम्ही नुसता हात धरून फोटो पाठवा, बरणी मी बसवतो. असं बोलणारा माणूस एकतर फार तयारीचा असतो नाहीतर माझ्यासारखा.

वहिनींनी पाठवला फोटो. हसऱ्या, छान साडी, आणि हात असा की जणू हवेतला ग्लास धरलाय. बरणी त्यात ठेवली की ती बोटांच्या पुढे तरंगायची. रिकामा हात कितीही अ‍ॅक्टिंग करू दे, त्याला वजन नसतं ना, बोटं नुसती वाकलेली असतात, दाबलेली नसतात. खरं धरलं की बोटाचं टोक जरा चपटं होतं, नखाशी पांढरट पडतं, आणि मनगटाची शीर थोडी वर येते. हे नंतर फोटोशॉपमध्ये रंगवत बसणं म्हणजे वेड लागायची पाळी (अर्धा तास बसलो होतो, खोटं कशाला बोलू).

मग फोन केला. "वहिनी, दोऱ्याने मोजून घेर साडेतेवीस सेंटीमीटरच्या आसपास भरेल असा डबा बघा घरात, थोडा कमी चालेल पण जास्त नको." जास्त नको अशासाठी की डबा मोठा असला तर माझ्या बरणीच्या कडेने बाहेर डोकावतो, लहान असला तर मागे झाकून जातो. "आणि स्टीलचा नको, चमकतो. त्यात तांदूळ भरा." त्या म्हणाल्या, "भाऊजी, फोटो काढायचाय का स्वयंपाक करायचाय?" पण भरला त्यांनी, मसाल्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बरणीत. आणि फरक असा पडला की सांगायची सोय नाही, अंगठा खरोखर दाबलेला!

आता चूक माझ्या बाजूला होती. मी बरणीचा फोटो टेबलावर ठेवून उभ्याने काढलेला, त्यामुळे झाकण वरून चांगलं वाटीएवढं गोल दिसत होतं, आणि वहिनींचा फोटो छातीच्या उंचीवरून, त्यात डब्याचं झाकण नुसती रेघ. दोन्ही एकत्र केले की बरणी पुढे कलंडल्यासारखी वाटायची. मग फोन बरणीच्या मधोमध येईल एवढ्या उंचीवर धरला, दीड मीटर मागे सरकून झूम केला, आणि टेबलाची बाजू बदलून खिडकी डावीकडे आणली कारण त्यांच्याकडेही उजेड डावीकडून होता.

बाकी जोडणी म्हणजे सँडविच. खाली वहिनींचा फोटो, मध्ये बरणी, वर त्याच फोटोतून पेन टूलने कापलेला अंगठा आणि पुढे आलेली चार बोटांची टोकं. तळहात बरणीच्या मागे राहतो. इथपर्यंत सगळे करतात, आणि इथे थांबलं की स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. सावली दोन पाहिजेत: एक अगदी बारीक गडद रेघ, जिथे कातडी काचेला टेकते तिथेच, आणि दुसरी पसरट फिकी, उजेडाच्या उलट बाजूला. दोन्ही खालचा रंग गडद करणाऱ्या Multiply मोडवर, बरणीच्या लेयरला क्लिप केलेल्या, म्हणजे बाहेर सांडत नाहीत. काळा रंग घेऊ नका, काळ्याने काजळी लागल्यासारखं होतं, मी लोणच्यातल्या तेलाचाच तपकिरी उचलला आणि अजून गडद केला.

तरीही काहीतरी खटकत होतं. फोटो आडवा उलटा करून बघितला (डोळ्याला सवय झालेली मोडते), तेव्हा सापडलं. लोणचं गळ्यापर्यंत नव्हतं, वर बोटभर काच रिकामी, आणि त्या काचेतून माझं पुण्यातलं टेबल दिसत होतं! तिथे वहिनींचा तळहात दिसायला पाहिजे. तेवढा भाग मास्कने खोडला, तर खालून तांदळाची बरणी आली, मग पहिल्या रिकाम्या हाताच्या फोटोतला तळहात तिथे बसवला, तो किंचित ताणून अंधुक केला, काचेवरची चमक मात्र तशीच ठेवली. शिवाय बोटांच्या आतल्या बाजूला जरासा पिवळसर लाल टिंट, कारण तांदळाच्या पांढऱ्या बरणीने तिथे पांढरा उजेड फेकला होता आणि लोणचं तसा फेकणार नाही.

शेवटी ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा. माझा फोन नवा, त्यांचा जुना, बरणी फारच चकचकीत दिसत होती, तिला थोडं खडबडीत केलं.

रात्री साडेनऊला फॅमिली ग्रुपवर टाकला. दादाने अंगठा दाखवला. वहिनी म्हणाल्या साडी छान आलीय. आईचा मेसेज सगळ्यात शेवटी आला, "काचेची बरणी एका हाताने धरू नये, खाली हात लाव म्हणावं तिला."