हाऊ हात कोना शे?

भर दुपारी मी संगणकावर ताईचे पाय कापत बसलो होतो. काकू ताकाचा पेला ठेवायला आली, चष्मा कपाळावर सरकवून पडद्यात डोकावली आणि म्हणाली, "हाई तं भूत दिसी रायनी!"

खरंच होतं. आमच्या अमळनेरच्या घराचा ओटा, त्यावरची शहाबादी फरशी, मधल्या दोन खुर्च्यांवर आई-बाबा, आणि शेजारी ताई जमिनीपासून चार बोटं वर. पाय फरशीवरच ठेवले होते, पण सावली नव्हती. सावली नाही म्हणजे भूत, हे काकूला कोणी शिकवावं लागत नाही.

त्याचं असं झालं की यंदा आखाजीच्या आगेमागेच आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. आखाजीला लेकी माहेरी येणार, निंबाला झोका बांधला जाणार, हे आमच्याकडे ठरलेलंच. यंदा ठरलेलं काहीच जमेना. ताई सुरतेत, गुडघा धरून बसलेली. दादा-वहिनी पुण्यात, धाकटा बंगळुरात, आणि भाच्याची परीक्षा. मग निदान कार्डावर तरी सगळे एकत्र आणू म्हणून मी हा उद्योग अंगावर घेतला. सगळ्यांना सांगितलं, आपापला एक उभा फोटो पाठवा.

पाठवले. ताईचा भाच्याने काढलेला. तो सहा फुटी, फोन त्याच्या डोळ्यांसमोर, त्यामुळे ताईचं डोकं कलिंगडाएवढं आणि पाय बाहुलीचे. दादाचा बाल्कनीत, दुपारी बारा वाजता, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. धाकट्याचा गुडघ्यापर्यंतच. आणि सगळे व्हॉट्सॲपवरून पिळून आलेले, केसांच्या कडा अशा चिकटलेल्या की केस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळू नये.

तेव्हा मला आमच्या लहानपणचा स्टुडिओ आठवला. मागे रंगवलेला पडदा, त्यात एक जिना, जो कुठेच जात नसे. फोटोग्राफर आधी आजोबांसमोर उभा राहायचा, मग स्टँडचा स्क्रू सैल करून कॅमेरा खाली घ्यायचा, अगदी आजोबांच्या छातीच्या गुंडीपर्यंत. मला वाटायचं, हा आजोबांना मान देतोय. आता कळतं, तो गणित करत होता. कॅमेरा ज्या उंचीवर, त्याच उंचीवर क्षितिजाची रेघ, आणि ती एका सपाटीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला तेवढ्याच उंचीवर कापते. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाच्या गुंडीवर आणि दुसऱ्याच्या टाळूवर ती कापत असेल, तर दोघं एका जमिनीवर उभे नाहीत, हे बघणाऱ्याला कारण न कळताही कळतं. माणूस कापता येतो, लहानमोठा करता येतो, त्याचा रंग बदलता येतो. कॅमेरा मागाहून खाली आणता येत नाही.

त्याच स्टुडिओत आमच्या फौजेतल्या मामाला एका फोटोत चिकटवलं होतं. काम सुबक होतं, पण सगळ्यांच्या नाकाची सावली डावीकडे आणि मामाच्या एकट्याच्या उजवीकडे. तीस वर्षं तो फोटो बैठकीत होता आणि मामा तीस वर्षं वेगळ्याच उन्हात उभा होता.

म्हणून दुसऱ्यांदा मी हुकूम सोडला. सावलीत उभे राहा, म्हणजे उजेड पसरट येईल आणि नाकाच्या सावलीचं भांडणच राहणार नाही. फोन स्टुलावर डबे रचून छातीच्या उंचीवर ठेवा. दहा फूट लांब. जवळून काढला की नाक आणि पोट पुढे धावतं. पाय, चपला, खालची थोडी जमीन आलीच पाहिजे. आणि फोटो म्हणून नाही, 'Document' म्हणून पाठवा.

ताईचा नवा फोटो चांगला आला, फक्त उजेड उलट बाजूने. मी हुशारीने तो आरशासारखा उलटा केला. उजेड जमला, पदर उजव्या खांद्यावर गेला. काकू म्हणाली, सुरतेत राहून गुजरातीण झाली शेवटी! पुन्हा सरळ केला आणि ताईला पुन्हा उभं केलं, गुडघ्यासकट.

मग उंची. कार्ड सात बाय पाच इंच. छापखान्याला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे चित्र २१०० बाय १५००. माणसाच्या एका इंचाला १५ ठिपके असा हिशेब मी धरला. ताई पाच फूट दोन, म्हणजे ९३०. दादा पाच-आठ, १०२०. धाकट्याने स्वतःची उंची पाच-नऊ सांगितली. त्या हिशेबाने उभा केला तर तो दादापेक्षा उंच! त्याच्या लग्नातला फोटो काढून पाहिला, तर दादाच्या कपाळाशी त्याची टाळू. निमूटपणे ९९० केला. अजून त्याला सांगितलेलं नाही.

सावली शेवटी जमली. ती एक नसते, दोन असतात. तळव्याला लागून एक बारीक, गडद रेघ, आणि तिच्याबाहेर एक फिकी, पसरलेली. रेघ विसरली की माणूस तरंगतो. काळा रंग वापरला तर काजळ सांडल्यासारखं दिसतं, म्हणून बाबांच्या खुर्चीखालच्या सावलीचाच तपकिरी रंग उचलला आणि खालची फरशी झाकली न जाता नुसती गडद व्हावी म्हणून 'Multiply' करून तिच्यावर ठेवला. काकूने दुरून पाहिलं. "आते उतरनी खाले."

एवढं करूनही सगळे रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसत होते. एकटा माणूस सरळ उभा राहतो. शेजारी कोणी असलं की तो कलतो, खांदा थोडा पडतो, कोपर जागा सोडतं. म्हणून तिसऱ्यांदा, शेवटचं, सगळ्यांना सांगितलं, कोणाला तरी शेजारी घेऊन उभे राहा, त्याला मी कापतो. दादाने इमारतीचा वॉचमन घेतला, ताईने शेजारीण.

शेजारणीने ताईच्या पाठीमागून हात घालून तिच्या खांद्यावर ठेवला होता. बाकीची शेजारीण सहज निघाली. बोटं काढायची तर खाली लपलेला खांदा आणि पदराची घडी नव्याने रंगवावी लागली असती. रात्रीचे साडेबारा झाले होते. बोटं तशीच ठेवली आणि हात जिकडून येत होता तिकडे दादाला उभं केलं.

विहिरीजवळच्या तुकड्यावरून दादा आणि ताई तीन वर्षं एकमेकांना फोन करत नाहीत. मी काही मुद्दाम केलं नाही. आळस केला.

कार्ड आईच्या हातात दिलं. ती एकेकावर बोट फिरवत गेली, तोंडातल्या तोंडात नावं घेत, आणि ताईच्या खांद्याशी थांबली.

"हाऊ हात कोना शे?"

"दादाना," मी म्हणालो.

तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्या बोटांच्या नखांना मेंदी होती. पुसायची राहून गेली होती.

"बरं," आई म्हणाली.