टेम्पोचा हप्ता २४,८००. त्यातला खर्च किती?

सांगलीत आमचा मसाल्याचा छोटा धंदा आहे. तासगाव, विटा, जत या भागांतल्या दुकानांना माल पोचवायला भाड्याची गाडी परवडेना, म्हणून २० ऑक्टोबर २०२३ ला हायर पर्चेसवर छोटा टेम्पो घेतला. डीलरने ऑन-रोड भाव सांगितला ९,३८,०००. त्यात ३८,००० विम्याचे होते. विमा गाडीच्या किमतीत धरत नाहीत, तो त्या वर्षाचा खर्च (आणि मार्चनंतरच्या दिवसांचा भाग आगाऊ खर्च). आरटीओचा कर आणि नोंदणी मात्र किमतीत जाते. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असल्याने गाडीवरचा कर परत मिळणार नव्हता, तोही किमतीतच धरला. अशी रोखीची किंमत ठरली ९,००,०००. हा आकडा पक्का करून घेणं महत्त्वाचं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

१,८०,००० डाउन पेमेंट भरले. उरलेल्या ७,२०,००० वर फायनान्सवाल्यांनी ८ टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांचं व्याज लावलं, म्हणजे १,७२,८००. एकूण ८,९२,८००, भागिले ३६, हप्ता २४,८००. पहिला हप्ता २० नोव्हेंबरला.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येणारे हिशेबनीस काका जुन्या वळणाचे. बँकेतून हप्ता गेला की ते ‘गाडी हप्ता’ म्हणून खर्चात टाकत. मार्चअखेर तेरीज काढली तेव्हा गाडी खात्यात फक्त १,८०,००० दिसले. दारात नऊ लाखांचा टेम्पो उभा, आणि ताळेबंदात ना पूर्ण गाडी, ना कंपनीचं देणं. तिथून मी स्वतः कागद घेऊन बसलो.

करार संपेपर्यंत मालकी कंपनीची असते आणि आरसीवर तिचं नाव चढलेलं असतं, हे काकांचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं. पण हप्ते संपल्यावर गाडी आपलीच होणार असा करार असेल, तर पुस्तकात ती पहिल्या दिवसापासून पूर्ण रोखीच्या किमतीला घेतात, आणि ती हायर पर्चेसवर असल्याचं ताळेबंदात लिहितात. आयकर खातंही १९४३ च्या एका परिपत्रकापासून अशा खरेदीत घसारा गाडी घेणाऱ्यालाच देत आलं आहे, आणि तोही रोखीच्या किमतीवर. म्हणून पहिली नोंद अशी केली: टेम्पो खाते नावे ९,००,०००, हायर पर्चेस कंपनी खाते जमा ९,००,०००. दुसरी: कंपनी खाते नावे १,८०,०००, बँक जमा. कंपनीचं देणं राहिलं ७,२०,०००. भविष्यातलं १,७२,८०० व्याज इथे धरायचं नाही, ते अजून लागलेलंच नसतं.

खरी गंमत व्याजाच्या विभागणीत आहे. सोपा मार्ग म्हणजे १,७२,८०० भागिले ३६, दर हप्त्यात ४,८०० व्याज. दिसायला नीट, पण चूक. सुरुवातीला आपण कंपनीचे सात लाख वापरतो आणि शेवटी वीस-पंचवीस हजार, मग दोन्ही महिन्यांचं व्याज सारखं कसं? खरा दर काढायला एक्सेलमध्ये हे लिहिलं:

```
=RATE(36,-24800,720000)
```

खान्यात 1% एवढंच दिसतं, दशांश वाढवले की 1.2123% येतं. वर्षाचे साडेचौदा टक्के! ८ टक्के फ्लॅट म्हणतात ते हे. आता दर महिन्याला शिल्लक देण्यावर १.२१२३ टक्के व्याज आणि हप्त्यातला बाकी भाग मुद्दल. पहिल्या हप्त्यात व्याज ८,७२९ आणि मुद्दल १६,०७१. दुसऱ्यात व्याज ८,५३४. असं उतरत उतरत शेवटच्या हप्त्यात व्याज तीनशेच्याही आत येतं.

प्रत्येक हप्त्याला दोन नोंदी. आधी व्याज लागतं: व्याज खाते नावे ८,७२९, कंपनी खाते जमा ८,७२९. मग हप्ता जातो: कंपनी खाते नावे २४,८००, बँक जमा २४,८००. हप्त्याची रक्कम नफा-तोटा पत्रकात कुठेच जात नाही, जातं ते फक्त व्याज.

मार्चपर्यंत पाच हप्ते गेले. त्यांतलं व्याज ४१,६७२ आणि शिल्लक मुद्दल ६,३७,६७२. कंपनीकडून खातेउतारा मागवला, त्यातही हाच आकडा होता. ४,८०० च्या हिशेबाने आमच्या पुस्तकात ६,२०,००० दिसले असते, म्हणजे १७,६७२ चा फरक. विभागणी बरोबर आहे का, हे ओळखायला याहून चांगली खूण नाही. शिवाय २० ते ३१ मार्च या अकरा दिवसांचं व्याज लागलं होतं पण हप्ता एप्रिलमध्ये, म्हणून २,७४३ देय व्याज म्हणून धरले. एप्रिलमध्ये ही नोंद उलटवायची असते, नाहीतर तेवढंच व्याज दोनदा खर्चात येतं.

घसाऱ्यासाठी आम्ही आयकराचाच दर धरला. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीला १५ टक्के. गाडी भाड्याने चालवण्याचाच धंदा असेल तर ३०, पण आमच्या बाबतीत तो लागत नाही. ऑक्टोबर ते मार्च वापर १८० दिवसांहून कमी, म्हणून पहिल्या वर्षी निम्मा: ९,००,००० वर ७.५ टक्के, ६७,५००. भरलेल्या पैशावर नव्हे, पूर्ण किमतीवर. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ८,३२,५०० वर १५ टक्के, १,२४,८७५.

आता काकांची पद्धत इतकी वर्षं का खपली ते दिसलं. पहिल्या वर्षी त्यांचा खर्च पाच हप्ते, १,२४,०००. बरोबर खर्च व्याज आणि घसारा मिळून १,११,९१५. बारा हजारांचा फरक, कोण बघतंय! पण दुसऱ्या वर्षी बारा हप्ते म्हणजे २,९७,६००, आणि खरा खर्च व्याज ७७,६०२ अधिक घसारा, २,०२,४७७. पंचाण्णव हजारांनी नफा कमी दाखवला गेला असता. काकांनी तक्ता दोनदा तपासला, ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि नवी खाती त्यांनीच उघडली.

सतरा हप्ते झाल्यावर, मार्च २०२५ मध्ये, धाकट्या भावाने विचारलं, ‘दादा, एकदम फेडून टाकूया का?’ शिल्लक ४,१८,६१६. उरलेले एकोणीस हप्ते ४,७१,२००, म्हणजे पुढचं व्याज ५२,५८४ च राहिलं होतं. एकूण व्याजातलं जवळजवळ सत्तर टक्के आधीच देऊन झालं होतं. करारात मुदतपूर्व फेडीला ४ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी, मिळून १९,७५९. वाचणार फक्त बत्तीस-तेहतीस हजार, आणि तेही सव्वाचार लाख एकदम मोकळे करून. मार्चमध्ये बाजार समितीत हळदीचे सौदे भरात असतात. पैसा तिकडे लावला आणि टेम्पोचे हप्ते चालू ठेवले.