निळे बाण आणि दोन नळ्या

गावकऱ्यांसाठीचा व्हिडिओ तयार झाला की मी तो आधी आवाज बंद करून दाखवते. मग एकच विचारते, "काय काय दिसलं?" "कळलं का?" असं विचारलं तर पाहुण्याचं मन राखायला सगळे हो म्हणतात, आणि कार्यालयात तेवढ्यावरच पसंतीची नोंद होते.

त्या दिवशी दाखवायला आलेला व्हिडिओ पाणी मुरवण्याविषयीचा होता. चित्रात जमीन उभी कापलेली, वर पाऊस, पोटात निळं पाणी, आणि पाणी मुरतंय हे सांगायला वरून खाली जाणारे निळे बाण. एक आजी म्हणाल्या, "जमिनीखाली टाकी बांधलीये." शेजारचा तरुण शेतकरी बाणांकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे बोअरचे पाइप. किती मारलेत बघा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाणी आत सोडा असं सांगणारा व्हिडिओ पाणी उपसण्याचा होऊन बसला होता. चूक बघणाऱ्यांची नव्हतीच. कापलेली जमीन कुणी डोळ्यांनी पाहिलेली नसते, आणि जमिनीत सरळ खाली जाणारी जी एक गोष्ट त्यांनी रोज पाहिलेली, ती म्हणजे पाइप.

मी चित्र काढून टाकायचं ठरवलं आणि खरी वस्तू कॅमेऱ्यासमोर आणली. काचेची टाकी घेतली, साठ सेंटिमीटर लांब आणि पंधरा रुंद. तिच्यात धुतलेली जाड रेती भरली. बारीक रेती चालत नाही, कारण पाणी तिच्यात आपोआप वर चढतं आणि पातळीची रेघ पुसट होते. नुसती खडीही नको. तिच्यात पाणी सगळीकडे एकदमच उतरतं आणि बघणाऱ्याला पुन्हा टाकीच दिसते. काचेला चिकटून दोन पारदर्शक नळ्या उभ्या केल्या, या दोन विहिरी. त्यांच्या बुडाला भोकं पाडून फडकं बांधलं, म्हणजे रेती आत येत नाही. प्रत्येक नळीत थर्माकोलचा लाल मणी सोडला. पातळी दाखवायचं काम त्या मण्याचं, त्यामुळे आकडा किंवा रेघ लागतच नाही.

साबणाच्या बाटलीचा पंप डाव्या नळीत बसवून पाणी उपसलं. डावा मणी पटकन खाली गेला आणि थोड्या वेळाने उजवाही हलला. त्या नळीला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. हा शॉट मी मधे कुठेही कापला नाही. कापला की लोकांना वाटतं, मधल्या वेळात कुणीतरी काहीतरी केलं. लिटरभर पाणी काढल्यावर पातळी चार-पाच सेंटिमीटर उतरली. रिकाम्या टाकीत ती जेमतेम एक सेंटिमीटर उतरली असती, कारण जाड रेतीत पाण्याला सुटायला साधारण चौथा हिस्साच जागा असते. मग झारीने वरून तेवढंच पाणी घातलं आणि दोन्ही मणी वर आले. बोलणं फक्त तीन वाक्यांचं ठेवलं: "यानं उपसलं. त्याचंही उतरलं. पाऊस मुरला, दोघांचं चढलं." प्रत्येक वाक्य मणी हलून झाल्यावर येतं. आधी आलं तर लोक ऐकत बसतात आणि मणी बघायचे राहून जातात. पडद्यावर घोषवाक्य हवंच, असा कार्यालयाचा आग्रह होता. वाचता न येणाऱ्या माणसाला पडद्यावरची अक्षरं आपण बाहेरचे असल्याची आठवण करून देतात. मी ती घेतली नाहीत.

आवाज बंद असताना आजींनी पूर्ण गोष्ट नीट सांगितली. उपसा करणाऱ्याचा शेजाऱ्याशी तंटा होणार, हेही त्यांनी स्वतःच जोडलं. आवाज लावल्यावर नव्याने काही सांगायला उरलंच नाही.

मग विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेले एक काका उठले. "ताई, आमच्याकडं रेती नाही. वर मुरूम, खाली पाषाण. पाणी भेगेतनं येतं. माझ्या विहिरीला जी भेग लागली ती शेजारच्याला लागलीच असं नाही."

त्यांचं बरोबर आहे. कठीण खडकात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये असतं, आणि शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. मी त्याच टाकीत विटा एकमेकींना चिकटवून, मधे थोड्या फटी ठेवून पाहिलं. तिसरी नळी अशी उभी केली की फट तिच्यापर्यंत पोचत नाही. डावीकडे उपसलं, उजवा मणी उतरला, तिसरा जागचा हलला नाही. हे खरं आहे. पण हाच शॉट पाहून एखादा म्हणेल, माझी विहीर त्या तिसऱ्या नळीसारखी, मी कितीही उपसेन. तिसऱ्या नळीत वरून मुरलेलं पाणीही पोचत नाही, आणि ती एकदा रिकामी झाली की तशीच राहते. हा पुढचा भाग दाखवायला शॉट बराच लांबतो, आणि लांबलेल्या शॉटमध्ये मागे बसलेली मुलं उठून जातात.

सध्या दोन्ही शॉट तयार आहेत. रेतीचा आधी दाखवायचा की विटांचा, यावर मी आणि संकलक रोज भांडतो. ठरण्याआधी दोन्ही क्रमांनी काकांना दाखवायचं, एवढ्यावर मात्र आमचं एकमत आहे.