राजीनामा 5 डिसेंबरला, ग्रॅच्युइटी 10 मे ला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी अकाउंट्सला होतो. 2022 च्या डिसेंबरात राजीनामा दिला, नवी पेठेजवळ गाळा घेऊन जीएसटीची कामं सुरू करायची म्हणून. लोकांच्या पगाराचे हिशेब साडेसहा वर्षं केले आणि स्वतःचाच चुकला, तो असा.

एकूण पगार 36,000, त्यात बेसिक 18,000. घरखर्च महिना 22,000. तीन महिन्यांचे 66,000 बाजूला होते आणि मार्चपासून ते वापरायचे असं ठरलं होतं, कारण फेब्रुवारी जानेवारीच्या पगारावर निघेल असं धरलेलं. पण राजीनामा दिलेल्या माणसाचा शेवटचा पगार आमच्याकडे रोखून ठेवतात, तो फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सुटल्यानंतरच्या शेवटच्या हिशेबातच मिळतो. म्हणजे 7 जानेवारीला आलेला डिसेंबरचा पगार हाच शेवटचा. बिनपगारी महिने मोजायचे ते तिथून. बायको म्हणाली, "एवढं अकाउंट्सला असून हे माहीत नव्हतं होय?" माहीत होतं. स्वतःला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

नोटीस 60 दिवसांची, म्हणजे 2 फेब्रुवारीपर्यंत. गाळ्याचं भाडं सुरू झालेलं, गड्डा यात्रा उरकली की मोकळं व्हायचं डोक्यात, म्हणून 20 जानेवारीलाच सुटलो. तेरा दिवस कमी पडले. माझ्या 24 रजा शिल्लक होत्या, त्यामुळे फिटंफाट होईल असा अंदाज. पण रजेचे पैसे बेसिकवर मिळतात, दिवसाला 600, म्हणजे 14,400. नोटीसची कपात मात्र एकूण पगारावर, दिवसाला 1,200, म्हणजे 15,600. तेरा दिवसांनी चोवीस रजा खाल्ल्या आणि वर 1,200 माझ्याच अंगावर. त्याऐवजी 'तेरा रजा नोटीसमध्ये वळत्या करा' असा अर्ज राजीनाम्याबरोबर दिला असता आणि तो मंजूर झाला असता, तर उरलेल्या अकरा रजांचे 6,600 हातात आले असते. 7,800 चा फरक. बाहेर पडल्यावर हा अर्ज कोणी घेत नाही.

आता ग्रॅच्युइटी. बेसिक आणि असेल तर महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. मी रुजू झालो 1 जुलै 2016 ला, म्हणजे सहा वर्षं सहा महिने वीस दिवस, म्हणजे सात वर्षं, 72,692 रुपये. 20 जानेवारी ही तारीख मी हे बघूनच धरली होती. डिसेंबरअखेर सुटलो असतो तर सहाच वर्षं भरली असती.

27 मार्चला फुल अँड फायनलचा कागद हातात आला. पगार आणि रजा धरून, नोटीस वजा जाता 22,800. खाली ओळ: ग्रॅच्युइटी 62,308, वेगळी मिळेल. 10,384 कुठे गेले?

एचआरच्या टेबलापाशी गेलो. तिथला पोरगा माझ्याच हाताखाली व्हाउचर लावायला शिकलेला. फाईल उघडून त्यानं बोट ठेवलं ते कन्फर्मेशन लेटरवर, 1 जानेवारी 2017.

"साहेब, तुम्ही कायम झाला ते जानेवारीत. तिथनं सहाच होतात की."

"आणि त्याआधीचे सहा महिने मी काय गड्ड्यात फिरत होतो?"

"प्रोबेशन धरत नाहीत म्हणले मोठे साहेब."

धरतात. सलग नोकरी रुजू झाल्यापासून मोजायची, कायम केल्यापासून नाही. पण मोठे साहेब पुण्याला, मग पुढच्या सोमवारी, मग मार्चएंडच्या गडबडीत. तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी गेलो नाही. ग्रॅच्युइटी मागायचा फॉर्म आय भरला, त्याला नेमणूकपत्र आणि पीएफ पासबुकचं पान जोडलं (त्यावर जुलै 2016 ची पहिली वर्गणी छापलेली असते, तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही) आणि पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टानं पाठवलं. सोबतच्या पत्रात एकच वाक्य जादा लिहिलं: रक्कम देय झाल्यापासून तीस दिवस उलटले असून उशिरावर व्याज लागतं. हा फॉर्म सुटल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो, मी एप्रिलात दिला. मात्र अर्ज नसला तरी रक्कम काढून द्यायची जबाबदारी मालकाचीच, त्यामुळे तेवढ्यावरून नाकारता येत नाही. 

10 मे ला 72,692 जमा झाले. व्याज नाही. दहा टक्क्यांनी बावीसशेच्या आसपास निघत होतं. मी सोडून दिलं, आणि ते अजून खुपतं.

माझा हिशेब 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे झाला. नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यात 'वेतना'ची व्याख्या वेगळी आहे; बेसिक कमी दाखवलेलं असेल तर ती बघूनच आकडा काढा.

एक राहिलंच. नो ड्यूजच्या कागदावर स्टोअरची सही नसल्यानं फुल अँड फायनल दोन आठवडे नुसतं पडून होतं. कॅल्क्युलेटर परत दिल्याची नोंद नव्हती म्हणे. सगळ्या सह्या झाल्या की त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. बाहेरून आत फोन करणं लई अवघड.