डाव्या हाताची भेट

आबांचं सहस्रचंद्रदर्शन वैशाखात झालं. माशेलच्या घरी वसरी माणसांनी भरलेली, शाली इतक्या आल्या की आजी म्हणाली, आता थंडी पडायला काश्मीरला जाऊया. मी मात्र शाल आणली नव्हती. पणजीहून बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर आणला होता. पिस्तुलासारखा, बटण दाबलं की घुर्र करून फिरणारा. आबांच्या हाताला संधिवात, आणि दुरुस्तीची खाज काही जात नाही. तेव्हा फिरवायचं काम यंत्राने करावं, असा माझा सरळ हिशेब.

आबांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "वा! बरा आहे हां." आमच्याकडे 'बरा आहे' याचे चार अर्थ होतात. हा चौथा होता.

पंधरा दिवसांनी गेले तर तो कपाटात, खोक्यासकट, शालींच्या शेजारी. मी विचारलं तेव्हा आबांनी जुन्या रेडिओचं मागचं झाकण काढून दाखवलं. प्लास्टिकच्या ज्या बारक्या खांबात स्क्रू बसतो, तो खांब उभा चिरला होता. "हा थांबत नाही गो बाय. स्क्रू बसला हे हाताला कळतं, त्याला कळत नाही." शिवाय त्याचं बटण नेमकं तर्जनीने दाबून ठेवावं लागायचं, आणि आबांच्या तर्जनीच्या शेवटच्या सांध्यावर वाटाण्याएवढी गाठ आहे. म्हणजे जे बोट वाचवायचं, त्यालाच मी नोकरीला लावलं होतं.

मग मी एक गोष्ट केली जी आधी करायला हवी होती. वसरीवर आबांच्या बाजूला नुसती बसून राहिले.

त्या दिवशी टेबलफॅनचा थ्री-पिन प्लग बदलायचा होता. काम दहा मिनिटांचं. प्लगचा मधला स्क्रू सोडवून दोन फाका वेगळ्या करायच्या. हिरवी तार मोठ्या पिनेला, म्हणजे अर्थला. उरलेल्या दोन तारा आपापल्या पिनांना. प्रत्येक पिनेत पितळेचा एक चिमुकला स्क्रू, तो तारेवर आवळायचा. आबांचा उजवा हात स्क्रूड्रायव्हर फिरवत होता, आणि मी इतकी वर्षं त्याच हाताकडे बघत आले होते. त्या दिवशी नजर डाव्यावर गेली. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या चिमटीत तो गुळगुळीत प्लग धरलेला. धरलेला म्हणजे कसा, तर नखं पांढरी पडली होती. उजवा हात दोन आटे देऊन सैल पडायचा, पुन्हा दोन आटे, पुन्हा सैल. डाव्याला सुट्टीच नव्हती. तिसऱ्या स्क्रूला प्लग निसटला, स्क्रूड्रायव्हरचं टोक तळव्यात रुतलं, आणि आबांनी प्लग टेबलावर ठेवून अंगठ्याचं मूळ चोळलं. उजव्या नव्हे, डाव्या अंगठ्याचं.

माझी एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. तिला हे सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. तिने सांगितलं ते असं: अंगठ्याच्या टोकाशी एक किलोचा चिमटा काढला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर साधारण बारा किलोचा भार पडतो. तिथली कूर्चा झिजली की दुखणं येतं ते चिमटीचं, मुठीचं तितकं नाही. आणि हलणाऱ्या हातापेक्षा एकाच जागी आवळून राहिलेला हात जास्त शिणतो, कारण त्याला मधे सैल पडता येत नाही. "आजोबांना फिरवायला मदत नको," ती म्हणाली, "धरायला कोणीतरी द्या." सकाळी बोटं किती वेळ आखडतात, हेही तिने विचारलं. आबांची दहा-पंधरा मिनिटांत, गरम पाण्याने अंघोळ होईतो सुटतात. तासभर सुटत नसतील आणि सांधे सुजून गरम लागत असतील तर तो झिजेचा नव्हे, वेगळा संधिवात असू शकतो. तेव्हा भेटवस्तू राहू द्यायची आणि डॉक्टर गाठायचा.

धरायला कोणीतरी. पूर्वी ते कोणीतरी म्हणजे मीच होते. सहावी-सातवीत असताना "धर गो जरा" अशी हाक आली की मी पळ काढायचे.

फोंड्याला एका हार्डवेअरच्या दुकानात वस्तू जबड्यात आवळून धरणारा बेबी व्हाईस मिळाला. दोन इंची जबडा, खाली क्लॅम्प, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा. भोकं पाडायला नकोत, आणि आबांनी ती पाडू दिलीही नसती. टेबल त्यांच्या वडिलांचं, फणसाचं. दुकानदाराने मोठा, बोल्ट मारून बसवायचा व्हाईस पुढे केला होता. पण ओतीव लोखंडाचा मोठा व्हाईस उचलून इकडे-तिकडे करणं म्हणजे पुन्हा हातांनाच शिक्षा. दुकानातच मी एक पाहून घेतलं: जबडा अर्धा उघडून हलणारा भाग वर-खाली हलवला. फार खुळखुळत असेल तर वस्तू आवळताना तो वाकडा होतो, मग धरण्यासाठी जास्त आवळावं लागतं. सगळा फायदा तिथेच संपतो.

तरीही तो जसा आला तसा आबांच्या कामाचा नव्हताच. पहिली अडचण जबड्यांची. ते लोखंडी आणि दातेरी. बॅकेलाइटचा प्लग त्यात आवळला तर तडकणार. आबांनी जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून दोन तुकडे कापून जबड्यांना आतून चिकटवले. आता प्लग हलकेच आवळला तरी रबर त्याला पकडून ठेवतं. किती आवळायचं याची त्यांची खूण सोपी आहे: बोटाने ढकलून वस्तू सरकली नाही, की पुरे.

दुसरी अडचण मला आधी कळलीच नव्हती. व्हाईस आवळायचा दांडा पेन्सिलीएवढा बारीक. म्हणजे प्लगची चिमट सुटली आणि दांड्याची चिमट मागे लागली! एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळ्या फोमची नळी असते ना, तिचे दोन तुकडे दांड्याच्या दोन टोकांवर चढवले. आता आबा दांडा चिमटीत धरत नाहीत, तळव्याने ढकलतात. या फोमवर मी इतकी खूश झाले की उरलेली नळी त्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवरही चढवली. तिथे ती सपशेल फसली. मूठ जाड झाली खरी, पण पीळ दिला की फोम मुठीवरून गोल फिरायचा, आणि तो फिरू नये म्हणून मूठ आणखी आवळावी लागायची. ढकलायच्या वस्तूला मऊ चालतं, पिळायच्या वस्तूला कडक लागतं. फोम काढून मी सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापली आणि ती ताणून, अर्धी-अर्धी चढवत मुठीवर गुंडाळली. ती फिरत नाही.

आणि हे करताना लक्षात आलं की आबांच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोकच झिजून गोल झालं होतं. झिजलेलं टोक स्क्रूच्या खाचेतून वर उसळतं. ते उसळू नये म्हणून माणूस खाली दाबतो, आणि जेवढा दाबतो तेवढा आवळतो. पीएच १ आणि पीएच २ अशी दोन मापांची नवी टोकं आणली. टोक बरोबर मापाचं असलं तर स्क्रूड्रायव्हर आडवा धरला तरी हलका स्क्रू टोकावर अडकून राहतो, पडत नाही. ही दोन टोकं साऱ्या भेटीत सगळ्यात स्वस्त होती आणि आबा सगळ्यात जास्त खूश त्यांच्यावरच झाले. मला थोडा रागच आला.

टेबलाची उंचीही जुळवावी लागली. खुर्चीत बसल्यावर जबडा कोपराच्या पातळीला यायला हवा, नाहीतर मनगट वाकडं होतं. आजीचा एक पाट खुर्चीवर ठेवला, त्यावर उशी. त्या पाटावरून दोन दिवस घरात बोलणी चालली होती, ती मी इथे लिहीत नाही.

मग पाऊस लागला. गोव्याच्या पावसात लोखंड आठ दिवसांत तांबूस दिसायला लागतं. आबांनी व्हाईसच्या आट्यांना खोबरेल लावलं, कारण घरात तेल म्हणजे खोबरेल. महिन्याने आटे चिकट, दांडा जड. खोबरेल धूळ धरतं, आणि जड दांडा म्हणजे पुन्हा अंगठा. रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं आणि शिवणयंत्राचं तेल घातलं. आता महिन्याला दोन थेंब.

लिहिण्याचंही हेच निघालं. आबा वर्तमानपत्रांना मराठीतून पत्रं लिहितात, बहुतेक रस्त्यातल्या खड्ड्यांवर. बॉलपेनला दाब लागतो म्हणून मी त्यांना शाईचं पेन दिलं, त्यालाही ट्यूबची पट्टी गुंडाळली. ते ठीकच चाललं. पण पत्रं लांबायला लागली ती क्लिपच्या पॅडने, कारण कागद धरून ठेवणारा डावा हात मोकळा झाला. संपादकांची मी मनातल्या मनात क्षमा मागते.

सगळं धरता येतं असं नाही. काचेची बाटली आबांनी जबड्यात धरू नये असं मी बजावलं आहे; तडकली तर समोर त्यांचाच हात. घट्ट झाकणाच्या बाटलीखाली ओलं फडकं आणि वर रबरी हातमोजा, एवढ्यावर ते काम आजीच करते. आणि जी वस्तू धरता धरता फिरवावी लागते, छत्रीची काडी म्हणा, तिथे व्हाईस नुसता बघत बसतो. छत्र्या आता बाजारात जातात. आबांना ते आवडलेलं नाही.

चवथीला गेले तेव्हा गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीची तयारी चालली होती. वसरीभर फळं, सुपाऱ्यांचे घड, पानं. माटोळी बांधायची ती केवणीच्या दोराने, आणि त्या गाठी आवळणं हे आबांचं काम. गेल्या वर्षी त्यांनी ते चुलतभावाच्या हाती दिलं होतं. बघते तर व्हाईस टेबलाला लावलेला, जबड्यात सुपारीच्या घडाचा देठ, आणि आबा दोन्ही हातांनी दोराला पीळ देतायत. गाठ बसली. तेवढ्यात आजी आतून आली.

"देवाची सुपारी ती! त्या तेलकट लोखंडात घातली?"

आबांनी व्हाईसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग धोतराच्या सोग्याने जबडे पुसले, देठ पुसला, आणि दुसरा घड उचलून आजी वळायची वाट पाहत बसले.