रिपोर्टच्या फोटोतले दोन लाल आकडे

रक्त तपासणीचा रिपोर्ट मोबाईलवर फोटो म्हणून आला. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती आणि तोवर गप्प बसणं मला जमणार नव्हतं. पानावर दोनच आकडे लाल होते, दोन्ही पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचे. न्यूट्रोफिल 39 टक्के, शेजारी L. लिम्फोसाइट 48 टक्के, शेजारी H. पहिल्याची रेंज 40 ते 80 छापली होती, दुसऱ्याची 20 ते 40. बाकी पान काळ्या अक्षरात, पण नजर काही तिकडे जाईना.

आधी पानाचा वरचा भाग वाचला: नाव, वय, स्त्री की पुरुष, रक्त कधी घेतलं. हे केवळ औपचारिकता म्हणून नव्हे. माझं हिमोग्लोबिन 12.6 आलं होतं आणि रेंज होती 12 ते 15, म्हणजे सगळं ठीक. पण नोंदणी करताना चुकून ‘पुरुष’ पडलं असतं, तर रेंज 13 ते 17 लागली असती आणि त्याच 12.6 पुढे L आला असता. हा H किंवा L कोणी विचार करून लिहीत नाही. संगणक आकडा घेतो, त्या वयाची आणि लिंगाची रेंज घेतो, बाहेर असेल तर खूण करतो. त्याला 39 आणि 9 सारखेच, दोन्हीपुढे L.

मग रेंज येते कुठून? लॅबने किंवा यंत्र बनवणाऱ्यांनी निरोगी माणसं निवडायची, निदान 120 तरी असावीत असा संकेत आहे, त्यांची रक्तं तपासायची, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले 95 टक्के ठेवायचे. ती रेंज. आता हे नीट पाहिलं तर गंमत कळते. ज्यांना टोकाला टाकलं, तीही निरोगीच माणसं होती! म्हणजे धडधाकट माणसांतले शंभरातले पाच जण प्रत्येक चाचणीत रेंजबाहेर जाणारच, कारण व्याख्याच तशी केली आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक तरी खूण येण्याची शक्यता 64 टक्के निघते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा हलतो, पण मुद्दा तोच राहतो. लांबलचक रिपोर्टात एकही खूण नसणं हेच जरा विशेष.

माझ्या दोन खुणांचं मात्र एवढ्यावर भागत नव्हतं, कारण त्या दोन वेगळ्या बातम्या नव्हत्याच. पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार टक्केवारीत देतात आणि बेरीज शंभर व्हावी लागते. माझ्या पानावर 39, 48, 9, 3 आणि 1. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी दिसणारच, मग त्याच्या पेशी प्रत्यक्षात कमी झालेल्या असोत वा नसोत. म्हणून टक्क्यांवर न थांबता प्रत्यक्ष पेशी किती हे बघावं लागतं.

त्यासाठी एकूण पांढऱ्या पेशी हव्यात. तिथे लिहिलं होतं 5.4, आणि पुढे युनिट 103/µL. एकशे तीन? फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ते 10³ होतं. वरचा बारीक 3 फोटोत खाली येऊन शून्याला चिकटला होता. 10³ म्हणजे हजार, तेव्हा एका मायक्रोलिटर रक्तात 5,400 पेशी. हाच आकडा काही ठिकाणी 5.4 आणि 10⁹/L असा येतो, तर काही ठिकाणी सरळ 5400 छापतात. तिन्हींचा अर्थ एकच. एका रिपोर्टात 5400 आणि दुसऱ्यात 5.4 बघून कुणाच्या पेशी हजारपट घटलेल्या नसतात. साखरेचंही तसंच. mg/dL मधला 90 हा mmol/L मध्ये 5 होतो, कारण 18 ने भागायचं असतं. आकडा वाचण्याआधी युनिट वाचायचं, आणि फोटो असेल तर वर चढवलेले आकडे आणि दशांश चिन्ह मोठं करून बघायचं.

आता गुणाकार. 5,400 चे 39 टक्के म्हणजे सुमारे 2,100 न्यूट्रोफिल. 48 टक्के म्हणजे सुमारे 2,600 लिम्फोसाइट. पानाच्या खालच्या बाजूला ‘अ‍ॅब्सोल्यूट काउंट’ म्हणून वेगळ्या ओळी होत्या, तिथे हेच आकडे होते आणि रेंज होती न्यूट्रोफिलसाठी 2,000 ते 7,000, लिम्फोसाइटसाठी 1,000 ते 3,000. दोन्ही आत. दोन्ही काळ्या अक्षरात. एकाच पानावर वर लाल आणि खाली काळं, त्याच पेशींबद्दल!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पान पाहून पहिला प्रश्न विचारला, “मधे सर्दी-ताप झाला होता का?” झाला होता. विषाणूच्या आजारानंतर काही काळ लिम्फोसाइटचा वाटा वाढलेला राहू शकतो, म्हणाल्या. मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार आवडली. पूर्वी काचेवर रक्ताचा पातळ थर देऊन मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी मोजायचे, आजही गरज पडली की मोजतात. खरं प्रमाण 40 टक्के असलं तरी शंभरच पेशी मोजल्या तर उत्तर 30 ते 50 मध्ये कुठेही येऊ शकतं. यंत्र हजारो पेशी मोजतं म्हणून त्याचं उत्तर इतकं हलत नाही. तरीही 39 आणि 40 मधल्या फरकावर काही ठरवायचं नाही.

“टक्क्यांचं सोडा,” म्हणाल्या, “हे बघितलंत का?” आणि बोट ठेवलं HbA1c वर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या चाचणीवर. 5.8. ना H, ना L, ना लाल रंग. मीही त्यावरून पुढे गेले होते, कारण त्या ओळीला रेंजच नव्हती. खाली बारीक अक्षरात तक्ता होता. 5.7 च्या खाली सामान्य, 5.7 ते 6.4 मधुमेहपूर्व अवस्था, 6.5 आणि वर मधुमेह. हे आकडे निरोगी माणसांच्या मधल्या 95 टक्क्यांतून आलेले नाहीत. कुठल्या पातळीपासून पुढे त्रासाचा धोका वाढतो हे पाहून त्या रेषा आखल्या आहेत. कोलेस्टेरॉलचंही असंच असतं. अशा चाचणीत ‘बहुतेकांचं एवढं असतं’ या वाक्याला काही किंमत नाही, कारण बहुतेकांचं जास्तही असू शकतं.

मग त्या परत हिमोग्लोबिनच्या ओळीवर गेल्या आणि MCV, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, बघितला. 86, रेंजमध्ये. HbA1c मोजताना तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते बघतात, त्यामुळे पेशी किती जगतात यावर आकडा अवलंबून असतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, आणि साखर न वाढताही हा आकडा थोडा वर जाऊ शकतो. माझ्याकडे तशी खूण दिसत नव्हती, म्हणून 5.8 हे 5.8 च धरायचं ठरलं.

लाल आकड्यांसाठी काहीही सांगितलं नाही, पुन्हा तपासणीसुद्धा नाही. काळ्या 5.8 साठी मात्र चालणं वाढवायचं, वजन थोडं उतरवायचं आणि वर्षभराने पुन्हा HbA1c करायची, शक्यतो याच लॅबमध्ये, म्हणजे यंत्र आणि पद्धत बदलल्याने पडणारा फरक मधे येणार नाही.