दर पाऊण तासाला जाग

लेक साडेतीन महिन्यांची होईपर्यंत रात्री सलग पाच तास झोपायची. मी फोनवर आईला कौतुकाने सांगायचे, तेच नडलं म्हणे. चौथा महिना भरता भरता सगळं बिनसलं. दहाला झोळीत गेली की पावणेअकराला जागी, मग साडेअकराला, मग सव्वाबाराला.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तरी फरक पडेना, तेव्हा म्हणाल्या, "अगं, दूध पुरत नाहीये तिला. नाचणीचं सत्त्व दे." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी वजन केलं, ते नीट वाढत होतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत होते, ताप नव्हता. वरचं काही सहा महिन्यांआधी नको, म्हणाले. मग मी लिहून नेलेल्या जागायच्या वेळा बघून डॉक्टर हसले. "पाऊण-पाऊण तासाचं अंतर आहे बघा."

त्यांनी सांगितलं ते असं. तान्ह्या बाळाची झोप दोनच प्रकारची असते, चुळबुळीची आणि शांत. तीन-चार महिन्यांच्या सुमारास मेंदू मोठ्यांसारखी झोप घ्यायला लागतो: हलकी, मग गाढ, मग पुन्हा हलकी. बाळाचा असा एक फेरा साधारण पाऊण ते एक तासाचा. फेरा संपला की क्षणभर जाग येते. आपल्यालाही येते, आपण कूस बदलतो आणि विसरतो. हिला मात्र झोप लागली तेव्हा झोळी हलत होती, आणि डोळे उघडले तर झोळी थांबलेली. म्हणून रडायची. याला ‘स्लीप रिग्रेशन’ म्हणतात, पण मागे काही गेलेलं नसतं. झोपेची घडण बदललेली असते आणि ती जुन्यासारखी होत नाही. हे ऐकून मला आधी रडूच आलं.

मग झोळी दुपारपुरती ठेवली, तीही कुणी शेजारी बसलेलं असताना. रात्री दूध पाजून, ढेकर काढून, पेंगुळलेली पण जागी असतानाच पाळण्यात सपाट गादीवर उताणी ठेवायची आणि छातीवर हात ठेवून बसायचं. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं गेली, तीनदा उचलावं लागलं. कुशीवर वळायला लागली होती म्हणून दुपट्यात गुंडाळणंही बंद केलं.

सगळ्यात कठीण गेलं ते हुंकार ऐकून लगेच न उठणं. एकदा मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं, तर ती कुंथत होती, पाय झाडत होती, पण डोळे मिटलेले. म्हणजे इतके दिवस अर्धवट झोपेतल्या बाळाला मीच उचलून जागं करत होते! मग मिनिट-दोन मिनिटं थांबायला लागले. खरं रडली तर मात्र लगेच घ्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती दोनदाच उठली, एकला आणि चारला. दोन्ही वेळा पोटभर प्यायली. ती भूक खरीच होती.